दोन टिंबांचा घोळ : मराठी कीबोर्ड आणि अ‍ॅप बनवणाऱ्यांना खुलं पत्र

मराठी कीबोर्ड, फॉन्ट, स्पेलचेकर आणि लिहायची अ‍ॅप बनवणाऱ्या समस्त मंडळींना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. लेखकांच्या फाइल येतात, काही वर्डमधून, काही चक्क व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप केलेल्या, त्या साफ करायच्या आणि पुढे छापायला नाहीतर ई-बुकला द्यायच्या, असं रोजचं. ऱ्हस्वदीर्घाबद्दल तुम्हाला सुनावणारे पुष्कळ असतील, आज तो विषय नाही. आज बोलायचंय विरामचिन्हांबद्दल, आणि त्यातही सगळ्यात जास्त त्या दोन टिंबांबद्दल, जी दिसायला सारखी आहेत म्हणून सगळे एकच समजतात आणि तुम्हीही तसंच समजून कीबोर्ड बनवता.

एक टिंबाची जोडी म्हणजे विसर्ग. दुःख, स्वतः, निःशुल्क, अंतःकरण. हा अक्षराचाच भाग, मात्रा आणि अनुस्वाराच्या जातीचा, त्याचा उच्चार आहे. दुसरी जोडी म्हणजे अपूर्णविराम, ज्याला आपण सगळे कोलनच म्हणतो. ‘विषय : पाणीपुरवठा’ मधला. त्याला उच्चार नाही, तो फक्त पुढे काहीतरी येतंय एवढं सांगतो. युनिकोडमध्ये विसर्ग आहे U+0903 आणि कोलन आहे U+003A, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी हे दोघं इतके लांबचे आहेत की एक मराठीच्या घरातला आणि दुसरा इंग्रजीकडून आलेला. आणि इतिहासही तोच आहे. मोडीत लिहायचे तेव्हा आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली सलग अक्षरं लिहीत जायची, शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती, मग विरामचिन्हं कुठली. एकोणिसाव्या शतकात छपाई आली, मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात असलेले मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीतली विरामचिन्हं मराठी गद्याला लावून दिली, आणि त्या पाहुण्यांबरोबर कोलनही आला. पण स्वल्पविराम किंवा प्रश्नचिन्ह यांच्यासारखं दिसणारं आपल्याकडे आधी काही नव्हतं म्हणून ते बिनबोभाट रुळले. कोलन मात्र अशा लिपीत आला जिथे शब्दाच्या शेवटी दोन टिंबं आधीच वापरात होती.

छापखान्यात जुळारी खिळे जुळवायचे तेव्हा यावर तोडगा होता, कोलनच्या आधी थोडी जागा सोडायची. ‘विषय :’ असं. चिकटवलं की तो विसर्ग, सुटा ठेवला की तो कोलन. इंग्रजीत कोलन आधीच्या शब्दाला चिकटून येतो आणि जागा फक्त नंतर असते, तिकडून शिकून आलेली मंडळी आपल्याकडचा तो आधीचा स्पेस बघून हसतात, म्हणतात टायपिंग येत नाही. अहो, तो स्पेस मुद्दाम आहे. सरकारी पत्रात ‘विषय :-’, ‘संदर्भ :-’ असं जे दिसतं त्याच्यामागेही निदान अंशतः हीच भीती असावी असं मला वाटतं, कारण डॅश लावला की त्याला विसर्ग म्हणून कोणी वाचणारच नाही. इंग्रजीतही जुन्या छपाईत कोलनपुढे डॅश असायचा, तिकडे तो कधीच मागे पडला, आपल्याकडे टिकला.

आता तुम्ही काय केलंत ते सांगते.

इन्स्क्रिप्ट हा आपला सरकारमान्य कीबोर्ड, १९९१ च्या भारतीय मानकात तो आहे, सरकारी कचेऱ्यांत तो चालतो. त्यात इंग्रजीच्या कोलनची जी कळ आहे तिच्यावर च आणि छ बसलेत. अवतरणचिन्हाच्या कळीवर ट आणि ठ. प्रश्नचिन्हाच्या कळीवर य. म्हणजे मराठीत टाइप करता करता कोलन हवा असेल, अवतरण हवं असेल, साधा प्रश्न विचारायचा असेल तर भाषा बदलून इंग्रजीत जा, चिन्ह टाका, परत या. हे दिवसभर कोण करणार. आणि गंमत बघा, शिफ्ट धरून वजाबाकीची कळ दाबली की विसर्ग मात्र लगेच मिळतो. झालं. टाइप करणाऱ्याने ‘विषय’ लिहिलं, त्याला दोन टिंबं हवी होती, हाताशी जी होती ती टाकली. दिसायला ठीकच दिसतं की.

फोनवर बरोबर उलटं. तिथे कोलन चिन्हांच्या पानावर पहिल्याच ओळींत सापडतो आणि विसर्ग कुठल्यातरी अक्षराखाली दाबून धरल्यावर नाहीतर तिसऱ्या पानावर. आणि रोमन लिपीत टाइप करून देवनागरी उमटवणारे जे कीबोर्ड आहेत त्यावर तर विसर्गासाठी नेमकं काय दाबायचं हे माहीत असलेला माणूस विरळा. मग लोक ‘दु:ख’ लिहितात, ‘स्वत:’ लिहितात, सगळं कोलनने. म्हणजे कचेरीतून येणाऱ्या फाइलमध्ये कोलनच्या जागी विसर्ग आणि फोनवरून येणाऱ्या फाइलमध्ये विसर्गाच्या जागी कोलन, आणि दोन्ही माझ्याच टेबलावर.

कोणी म्हणेल दिसतंय ना सारखं, मग काय बिघडलं. बिघडतं ते असं. पुस्तकात ‘दु:ख’ कोलनने लिहिलं असेल तर ‘दुःख’ शोधणाऱ्याला ते सापडत नाही, सर्चला ते दोन वेगळे शब्द वाटतात, खरं तर कोलनवाला त्याला नीट शब्दच वाटत नाही. स्पेलचेकर ‘स्वत:’ मधला कोलन बाजूला काढतो आणि उरलेल्या ‘स्वत’ खाली लाल रेघ मारतो, मग लेखक घाबरून तिथे ‘स्वता’ करून ठेवतो, हे मी पाहिलेलं आहे. मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ‘दु’ म्हणून थांबू शकतं आणि मग वेगळा ‘ख’ म्हणतं, आणि ते वापरणारा माणूस बहुतेक वेळा डोळ्यांनी ताडून बघू शकत नसतो. उलट बाजूला, ‘विषय ः’ असा स्पेस देऊन विसर्ग टाकला की बऱ्याच ठिकाणी त्या विसर्गाच्या आधी एक ठिपक्यांचं गोल येतं, ◌ः असं. ते गोल म्हणजे फॉन्ट खराब नाही, व्हायरस पण नाही (हे मला एका संपादकांनी खरंच विचारलं होतं). विसर्गाला धरायला अक्षर लागतं, आधी मोकळी जागा आहे म्हणून अक्षर मिळालं नाही, तर सॉफ्टवेअर त्या रिकाम्या अक्षराची जागा ठिपक्यांनी दाखवतं. बातम्यांमध्ये गावाच्या नावापुढे ‘पुणे ः’ असं दिसतं ना, ते हेच. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये प्रत्येक चिन्ह म्हणजे नुसतं चित्र होतं, कोणी कोणाशेजारी बसावं याला काही नियम नव्हता, त्यामुळे तिथे विसर्ग कोलन म्हणून खपून जायचा. तोच मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला की ती सवय उघडी पडते.

ओळखायचं कसं, तर नुसतं बघून कधीकधी कळतं, कोलनची टिंबं इंग्रजी अक्षरांच्या मापाची असतात, बऱ्याचदा खाली बसलेली आणि चौकोनी, विसर्गाची शिरोरेषेच्या मापाने आणि गोल. पण काही फॉन्टमध्ये फरक अजिबात दिसत नाही. तेव्हा कर्सर शब्दाच्या आधी ठेवायचा आणि बाणाची कळ दाबत जायचं. विसर्ग असेल तर ‘दुः’ एका उडीत पार होतं, कारण विसर्ग त्या अक्षरात धरलेला असतो. कोलन असेल तर ‘दु’ नंतर कर्सर थांबतो आणि कोलनसाठी वेगळी उडी घेतो.

आता तुम्ही म्हणाल यात काय एवढं, फाइंड-रिप्लेस करा. तर एक केस सांगतेच. मध्यंतरी एका एकांकिकेची फाइल आली होती, सगळी फोनवर टाइप केलेली, त्यामुळे सगळीकडे कोलन. पात्रं दोन, वसंत आणि सतीश. शब्दाच्या मधले कोलन सोपे असतात, दोन्ही बाजूंना देवनागरी अक्षर असेल तर तो विसर्गच असणार, म्हणून पायथनमध्ये हे चालवलं :

```
import re
s = re.sub(r'([\u0900-\u0963]):(?=[\u0900-\u0963])',
           r'\1' + '\u0903', s)
```

‘दु:ख’, ‘नि:श्वास’, ‘अंत:करण’, ‘स्वत:ला’ सगळे जागच्या जागी दुरुस्त झाले. आकडे त्या रेंजच्या बाहेर आहेत, देवनागरी आकडे U+0966 पासून सुरू होतात, म्हणून ‘१०:३०’ ला धक्का लागला नाही. पण एका ठिकाणी रंगमंचाच्या सूचनेत स्पेस न देता ‘वेळ:संध्याकाळ’ लिहिलेलं होतं, ते ‘वेळःसंध्याकाळ’ झालं, ते हाताने परतवलं. इथपर्यंत चालण्यासारखं आहे.

खरी पंचाईत शब्दाच्या शेवटी. मराठीत शेवटी विसर्ग येणारे नेहमीचे शब्द बघितलेत तर बहुतेक तः नाहीतर शः ने संपतात, स्वतः, अंशतः, विशेषतः, सामान्यतः, वस्तुतः, क्रमशः, अक्षरशः, शब्दशः. म्हणून पहिल्यांदा डोक्यात येतं की शब्दाच्या शेवटी ‘त:’ किंवा ‘श:’ दिसलं की विसर्ग करा. आणि इथे पात्रांची नावं वसंत आणि सतीश! प्रत्येक संवादाच्या सुरुवातीला ‘वसंत:’ आणि ‘सतीश:’. तो नियम चालवला असता तर आख्खी एकांकिका संस्कृत नाटकासारखी झाली असती, वसंतः आणि सतीशः एकमेकांशी बोलतायत. बरं, ओळीच्या सुरुवातीचा शब्द सोडून द्या म्हटलं तर मधेच ‘स्वगत:’ आहे, एका संवादात ‘माझं मत:’ आहे, आणि एक संवाद ‘वस्तुत:’ पासूनच सुरू होणाऱ्या नव्या परिच्छेदात गेलाय. म्हणजे नियम नाहीच, शब्दांची यादीच लागते. स्वतः, अंशतः वगैरे ठरलेल्या शब्दांची यादी केली, तेवढेच बदलले, बाकी कोलन राहू दिले आणि त्यांच्या आधी स्पेस घातला, म्हणजे ‘वसंत :’ झालं आणि वाचकाच्या डोळ्यालाही शंका उरली नाही.

माझा मुद्दा हा की ही यादी माझ्याकडे नको, तुमच्याकडे हवी. तुमच्या कीबोर्डला ‘मी’ लिहिल्यावर ‘आहे’ सुचवता येतं, मग ‘स्वत’ वर कोलन दाबला की ‘स्वतः’ सुचवायला काय हरकत आहे. शे-दीडशे शब्दांचं काम आहे. फक्त सुचवा, परस्पर बदलू नका, नाहीतर सगळे वसंत त्रासात येतील.

आणि तो आधीचा स्पेस. तो तुम्ही साधा दिलात तर ओळ संपताना ‘विषय’ वरच्या ओळीत राहतो आणि काही सॉफ्टवेअरमध्ये कोलन एकटाच खालच्या ओळीत जाऊन बसतो, फार वाईट दिसतं. न तुटणारा स्पेस म्हणून एक असतो, U+00A0, वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबलं की मिळतो, तो घातला की दोघं बरोबरच राहतात. पण फोनवर तो मिळायची सोय मला तरी कुठल्या कीबोर्डवर दिसलेली नाही. प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्हाच्या आधीही काही लोक स्पेस देतात, ‘का ?’ असं, त्याला मात्र काही कारण नाही, तिथे विसर्गासारखा कोणी नातलग बसलेला नाही, चिकटवून टाकलं तरी चालतं.

दंडाकडे येते. तिथे गोंधळ वेगळा आहे पण मूळ तेच, दिसायला सारखं आणि आतून वेगळं. मराठी गद्याने इंग्रजीचा टिंबवाला पूर्णविराम घेतला, हिंदीने दंड ठेवला, त्यामुळे फोनमध्ये आधीपासून असलेला हिंदी कीबोर्ड वापरून मराठी लिहिणाऱ्यांचं प्रत्येक वाक्य उभ्या रेघेने संपतं आणि वाचणाऱ्याला वाटतं भाषांतर आहे की काय. तो सवयीचा भाग झाला, सोडून देऊ. पण मराठीत दंड मेलेला नाही, तो पद्यात जिवंत आहे आणि तिथे त्याचं काम वाक्य संपवणं नाहीच. ज्ञानेश्वरीची पहिली ओवी घ्या :

ॐ नमोजी आद्या । वेदप्रतिपाद्या ।
जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥ १ ॥

इथे एकेरी दंड चरण कुठे संपतो ते दाखवतो, म्हणणाऱ्याचा श्वास कुठे ते दाखवतो, नमन मात्र सलग चाललंय. ओवी संपली की जोडदंड, मग आकडा, मग पुन्हा जोडदंड. पण युनिकोडच्या नियमांत दंडाला वाक्य संपवणारं चिन्ह धरलंय, कारण ते नियम करताना हिंदी-संस्कृत गद्य डोळ्यासमोर असणार, त्यामुळे वाक्यं मोजणारं किंवा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ‘वेदप्रतिपाद्या’ला पण एक पूर्ण वाक्य समजतं. ते एक वेळ समजू शकते. पण कीबोर्डवर जोडदंडाला समोर दिसेल अशी कळ नसते हे नाही समजत. जोडदंड हे स्वतंत्र अक्षर आहे, U+0965. ते सापडत नाही म्हणून लोक एकेरी दंड दोनदा मारतात, ।। असं, किंवा त्याहून सोपं म्हणजे इंग्रजी कीबोर्डवरची ती उभी रेघ दोनदा, || असं. तिचं नाव पाइप, U+007C, ती प्रोग्रॅमिंगवाल्यांची. लग्नपत्रिका बघा, आरतीसंग्रहाच्या पीडीएफ बघा, निम्म्या ठिकाणी पाइप. फॉन्टप्रमाणे ती शिरोरेषेच्या वर निघते आणि खाली लोंबते, अक्षरांच्या जाडीशी तिचं काही देणंघेणं नसतं, त्यामुळे ओळखू मात्र चटकन येते. आणि डिस्कॉर्डवर कोणी || श्री गणेशाय नमः || असं टाकून बघा, तिथे दोन पाइपांमधला मजकूर रहस्य म्हणून झाकून ठेवतात, टॅप केल्याशिवाय गणपती दिसत नाही.

अभंगांची गाथा असली एखादी फाइल आली की त्यात ॥, ।।, || आणि कधीकधी इंग्रजी मोठा आय असे सगळे प्रकार एकत्र असतात. हे बदलणं तुलनेने सोपं, क्रम मात्र पाळायचा, आधी जोड्या बदलायच्या आणि मग सुटे. आधी सुटा पाइप बदलून दंड केलात तर जोड्यांचे ।। होतात आणि मग तेही पुन्हा शोधावे लागतात. आणि शेवटी आकड्यांचं बघायचं, कारण ॥१॥ असं चिकटवून लिहिलं तरी ब्राउजरला दंडानंतर ओळ तोडायची परवानगी असते, मग ॥ एका ओळीच्या टोकाला आणि १॥ पुढच्या ओळीत. दंडाच्या आधी साधा स्पेस असला तर अख्खा दंडच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जातो, आणि दंडाने सुरू होणारी ओळ कुठल्याच पोथीत शोभत नाही. म्हणून दंडाच्या आधी न तुटणारा स्पेस, आणि त्या ॥१॥ ला एकत्र बांधून ठेवायची सोय, एवढं फॉन्ट आणि ई-बुकवाल्यांनी बघावं.

आता अवतरणचिन्हं, आणि त्यांच्याबरोबर स्पेसचा सगळ्यात मोठा घोटाळा. इंग्रजीत अवतरण संपलं की पुढे स्पेस येतो किंवा दुसरं विरामचिन्ह येतं. मराठीत अवतरण संपल्यावर शब्द अजून संपलेलाच नसतो. ‘किशोर’मध्ये, ‘किशोर’ने, ‘किशोर’चा अंक. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय नामाला जोडून लिहायचं हा आपला नियम, मग नामाभोवती अवतरण असलं तरी ते चिन्हाच्या बाहेर पण चिकटूनच येतं. हिंदीत में, ने, का सुटे लिहितात, इंग्रजीत तर प्रश्नच नाही. आणि बहुतेक फोन कीबोर्ड त्या दोन भाषांच्या हिशोबाने चालतात. सूचनापट्टीवरून ‘मध्ये’ निवडलं की तो आधी स्पेस टाकणारच, तुम्ही बॅकस्पेस केलंत तर पुढच्या शब्दाला पुन्हा टाकणार. त्यामुळे ‘किशोर’ मध्ये असं सुटं तर होतंच, पण आता अवतरण नसतानाही ‘पुण्या मध्ये’, ‘घरा समोर’, ‘तिच्या साठी’ असं सगळीकडे दिसायला लागलंय. शिकलेली माणसं असं लिहितात आणि मास्तरांना दोष देतात लोक, पण मला वाटतं यातले निम्मे तरी सुटे शब्द बोटांनी नाही, सूचनापट्टीने लिहिलेत. ‘पुण्या’ हे सामान्यरूप एकटं कधी येतच नाही हो मराठीत, संबोधन सोडलं तर. ते दिसलं की पुढचा ‘मध्ये’ चिकटवायचा, एवढं तुमच्या यंत्राला कळायला हवं.

एक आणखी बारीक गोष्ट, पण छापताना फार छळते. काही प्रत्यय नुसत्या मात्रेने सुरू होतात. ‘किशोर’ला सप्तमी लावायची तर ‘किशोरात’ होईल, मग अवतरणाबाहेर काय लिहिणार, ‘किशोर’ात? तो आ-चा काना अवतरणाला चिकटू शकत नाही, पुन्हा तेच ठिपक्यांचं गोल. इथे सॉफ्टवेअरचा दोष नाही, लिपीच तशी आहे, मात्रा व्यंजनाशिवाय राहत नाही. म्हणून जाणते लोक अशा ठिकाणी ‘किशोर’मध्ये लिहितात, किंवा ‘किशोर’च्या अंकात, म्हणजे व्यंजनाने सुरू होणारा प्रत्यय शोधतात. स्पेलचेकरने तेवढं सुचवलं तर बरं होईल, सध्या तो अवतरणानंतरचा सुटा ‘ने’ किंवा ‘चा’ दिसला की गप्प बसतो आणि जोडून लिहिलं की रेघ मारतो.

सरळ आणि वाकड्या अवतरणांबद्दल फार बोलत नाही. वर्ड आपोआप वाकडी करतो, आधी स्पेस असेल तर उघडणारं चिन्ह, अक्षर असेल तर बंद होणारं, आणि ते मराठीलाही चालतं. फक्त ‘’७२ सालचा दुष्काळ’ सारख्या ठिकाणी शतक गाळल्याची खूण म्हणून येणारं चिन्ह तो उघडणारं समजतो आणि उलटं वळवतो. आणि हाक मारताना लांबवलेला स्वर, ‘आईऽऽ’, यातलं चिन्ह अवग्रह आहे, U+093D, तेही कीबोर्डवर सापडत नाही म्हणून लोक तिथे इंग्रजी एस टाकतात. हे तर मला प्रत्येक कथासंग्रहात मिळतं, कथेत कोणी ना कोणी आईला हाक मारतंच.

तर मागणं असं आहे. विसर्ग आणि कोलन दोन्ही मराठी कीबोर्डच्या पहिल्या पानावर, शेजारी शेजारी नकोत, लांब लांब, आणि कळीवर विसर्ग दाखवताना नुसती दोन टिंबं न दाखवता ‘कः’ असं दाखवा म्हणजे कुठला कोण ते कळेल. जोडदंड आणि अवग्रह पूर्णविरामाची कळ दाबून धरली की मिळावेत. इन्स्क्रिप्ट वापरणाऱ्यांना भाषा न बदलता प्रश्नचिन्ह, कोलन आणि अवतरण मिळावं आणि ते कुठे आहे हे कीबोर्डच्या चित्रावर छापलेलं असावं, कारण लपवलेली कळ असून नसल्यासारखी. सूचनापट्टीने शब्दयोगी अव्ययाआधी स्पेस टाकू नये. आणि जुन्या फॉन्टमधून युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरनी स्पेसनंतर आलेला विसर्ग कोलन करून द्यावा, तिथे तर शंकेला जागाच नाही, मोकळ्या जागेला विसर्ग लागत नसतो.

नवी आवृत्ती बाहेर काढायच्या आधी ही एक ओळ तुमच्याच कीबोर्डवर, भाषा न बदलता, टाइप करून बघा :

```
वसंत : स्वतःचं दुःख ‘किशोर’मध्ये का लिहिलंस? वेळ १०:३० ॥१॥ आईऽऽ
```

मग ती कॉपी करून तुमच्याच सर्चमध्ये ‘दुःख’ शोधा, वाचून दाखवायला लावा, आणि स्क्रीन अरुंद करत जाऊन ‘वसंत’ पासून कोलन आणि आकड्यापासून दंड कधी तुटतात ते बघा. कुठे अडलात ते कळवलंत तर मी माझ्याकडची विसर्गान्त शब्दांची यादी पाठवीन, फुकट, नाव टाकायचीही गरज नाही.

कळावे,
आपली,
एक मुद्रितशोधक